शेंगदाणा तेल सोडून सूर्यफूल घेऊ का? (सासऱ्यांचं एलडीएल १५८)

इंदिरानगरची_सून
नमस्कार मंडळी. सासरे ६८ वर्षांचे. रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारतात, तंबाखू नाही, साखर नॉर्मल. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं तर एलडीएल १५८ आलं. दवाखान्यात गर्दी होती. दोन मिनिटांत "तेल बदला, तळलेलं कमी करा, तीन महिन्यांनी परत बघू" एवढं सांगून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आमच्याकडे पहिल्यापासून शेंगदाणा तेल. चार माणसांना महिन्याला ५ लिटरचा डबा लागतो. काल रविवार कारंजावर किराणा भरताना दोन डबे शेजारी ठेवून मागचं लेबल वाचलं. १०० ग्रॅममध्ये संपृक्त मेद शेंगदाण्यात १८ ग्रॅम आणि सूर्यफुलात ११. आकडा तर सरळ दिसतोय, मग सूर्यफूल घेऊन मोकळी होऊ का? माझी आई सोलापूरकडची, ती म्हणते करडईच घे. सासूबाई म्हणतात, आमटीला शेंगदाणा तेलाशिवाय चव नाही. डबा अजून आणलेला नाही, तेव्हा लवकर सांगा.

तर्रीबाज
ताई, आमच्या गावात तेलाचा प्रश्न विचारणं म्हणजे मासळी बाजारात उपासाचं विचारणं. रविवारी मिसळीच्या कटावर जो लाल थर तरंगतो तो कुठल्या तेलाचा असतो, हे आजवर कुणी विचारलेलं ऐकलं नाही. वाचतोय.

घाणा_सिन्नर
ताई, रिफाइंड सूर्यफूल अजिबात आणू नका. सगळा घोळ रिफायनिंगमध्ये आहे. लाकडी घाण्याच्या तेलात संपृक्त मेद नसतंच, ते तेल तापवून केमिकल मारलं की तयार होतं. आमचा घाणा आहे म्हणून सांगत नाही, पण तेल बदलायचंच असेल तर शेंगदाणाच ठेवा, फक्त घाण्याचं घ्या.

निफाडचा_गारठा
घरच्या घरी तपासायची सोपी युक्ती देतो. तेल वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. गोठलं की संपृक्त, पातळ राहिलं की चांगलं. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे पारा पाच-सहावर येतो, तेव्हा शेंगदाणा तेलाचा डबा तळाशी पांढरट, दाटसर होतो. सूर्यफूल मात्र जसंच्या तसं. यावरून काय ते समजा.

कोलेस्टेरॉल_शून्य
इतका विचार कशाला? आमच्या पुड्यावर ठळक अक्षरात "कोलेस्टेरॉल शून्य" छापलंय. तसं बघून घ्या, विषय संपला.

जुनी_लॅब
मी २२ वर्षं खाद्यतेलाच्या लॅबमध्ये काढली, आता निवृत्त. नाशिकरोडला राहतो.

कोलेस्टेरॉल शून्य तर खोबरेल तेलावरही छापता येतं आणि वनस्पती तुपावरही. झाडाच्या बियांतून आलेल्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे त्या छापण्यातून काही कळत नाही. रक्तातलं एलडीएल वाढायला मुख्य कारण खाण्यातलं संपृक्त मेद. शरीर स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतं, आणि संपृक्त मेद जास्त झालं की यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. म्हणून पुड्याच्या दर्शनी भागावरचं सोडा. मागच्या कोष्टकातली संपृक्तची ओळ वाचा, सूनबाईंनी वाचली तशी.

सिन्नरकर, तुमचं अर्धं बरोबर. घाण्याच्या तेलाला वास-चव असते, त्यामुळे थोड्यात भागतं, हा फायदा खरा. पण संपृक्त मेद दाण्यातच असतं. घाणा लाकडी असो की लोखंडी, ते तेवढंच उतरतं. रिफायनिंगमध्ये वास, रंग, आम्लता निघते, मेदाचा प्रकार बदलत नाही. खूप तापवताना अगदी किंचित ट्रान्स मेद तयार होतं, तेवढंच. संपृक्त मेद मुद्दाम वाढवतात ते वनस्पती तूप करताना, तेलात हायड्रोजन घालून. ती वेगळी प्रक्रिया. आणि घाण्याला दाणा कसा घेता तेही बघा. बुरशी लागलेला दाणा घाण्यात गेला तर त्या बुरशीचं विष काही प्रमाणात तेलात उतरतं, आणि ते काढायला पुढे कुणी नसतं.

निफाडकर, तुमची युक्ती दिशा दाखवते, मोजमाप देत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि त्यात जवळजवळ ९० टक्के संपृक्त, तिथवर ठीक. पण शेंगदाण्यात थोडी लांब साखळीची संपृक्त आम्लं असतात, ती गारठ्यात आधी खाली बसतात, म्हणून आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आणि सूर्यफुलातलं मेण कारखान्यातच थंड करून गाळून काढलेलं असतं. ते फ्रिजमध्ये स्वच्छच दिसणार.

सूनबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून देत नाही. आधी हे सांगा: घरात तूप किती, दूध कुठलं आणि सासरे त्यातलं किती घेतात? फरसाण आणता का? चारांचा हिशोब नको, एकट्या सासऱ्यांचा सांगा.

इंदिरानगरची_सून
काका, काल दिवसभर पहाऱ्यावर बसले होते, म्हणून सांगू शकते.

तूप घरचं. म्हशीचं दूध दीड लिटर येतं, तापवून गार करून साय काढते, आठवड्याला लोणी. सासरे दुपारी वरणभातावर एक चमचा, रात्री भाकरीवर एक, शिवाय सकाळी पोळीच्या लाडवात किंवा गूळ-तुपात एक. म्हणजे चहाचे तीन चमचे. दूध तीन चहांत आणि रात्री हळद घालून एक पेला, मिळून ३५० मिली असेल, साय काढलेलं. फरसाण महिन्याला दोन किलो येतं. सकाळच्या चहाबरोबर मूठभर शेव, संध्याकाळी मूठभर चिवडा. वजन केलं तर दोन मुठी मिळून ४० ग्रॅम भरल्या. पाकिटावर घटकांत "पामोलिन तेल" लिहिलंय.

तळण आठवड्यातून एकदा. बाकी भाजी-आमटी.

जुनी_लॅब
वा, असा हिशोब लॅबमधली पोरंही देत नसत. आता बघा.

तेल. ५ लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. शेंगदाण्यात १८ टक्के संपृक्त धरलं तर रोजचे ७ ग्रॅम. तेच सूर्यफूल केलंत तर ४ ग्रॅम. म्हणजे डबा बदलून वाचले जेमतेम अडीच-तीन ग्रॅम.

तूप. तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम. तुपात साठ टक्क्यांच्या वर संपृक्त, म्हणजे ९ ग्रॅम.

फरसाण. शेव-चिवड्यात साधारण एक तृतीयांश तेल मुरलेलं असतं. ४० ग्रॅममध्ये १३-१४ ग्रॅम तेल आलं. पामोलिन हे पामतेलाचा पातळ भाग, तरी त्यात ४० टक्क्यांच्या आसपास संपृक्त राहतं. म्हणजे साडेपाच ग्रॅम.

दूध. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के मेद. साय काढल्यावर तीनेक टक्के उरतं असं धरू. ३५० मिलीमध्ये १० ग्रॅम मेद, त्यातलं संपृक्त ६ ग्रॅम.

बेरीज साडेसत्तावीस. आता मर्यादा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा संपृक्त मेदातून येऊ नये. सासऱ्यांचा आहार १८०० कॅलरींचा धरला तर त्यातल्या १८०, म्हणजे २० ग्रॅम. मेद कुठलंही असो, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणून १८० भागिले ९.

डॉक्टरांनी तेल बदला सांगितलं ते चुकीचं नाही, पण साडेसत्तावीसपैकी तेलातून येतात फक्त सात. नुसतं सूर्यफूल आणलंत तर २५ वर याल. तूप तीन चमच्यांवरून एकावर आणलं तर ६ ग्रॅम गेले. पामोलिनचं फरसाण बंद करून त्या जागी २० ग्रॅम भाजके शेंगदाणे दिले तर ४ गेले. आणि शेंगदाणा तेलच ठेवून महिन्याचा डबा साडेतीन लिटरवर आणला तर आणखी २. मिळून १२ ग्रॅम कमी, म्हणजे साडेपंधरा. आमटीची चव कुठेही गेली नाही.

साय काढता ते चांगलंच, पण तिचं तूप त्याच घरात, त्याच माणसाच्या ताटात आलं तर हिशोबात फरक पडत नाही. ते मेद फक्त पातेल्यातून बरणीत गेलं.

पंचवटीची_माई
तुपाला बोट लावू नका हो कुणी. माझी आजी ९२ वर्षं जगली, रोज वाटीभर तूप. तिला कुठे कोलेस्टेरॉल होतं?

जुनी_लॅब
माई, आजींचं एलडीएल कुणी मोजलंच नव्हतं, त्यामुळे होतं की नव्हतं ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. शिवाय त्यांनी जातं ओढलं असेल, पाणी वाहिलं असेल, आणि त्या घरात फरसाणाची पाकिटं नसतील. मी तूप सोडा म्हणत नाही, एक चमचा आहेच की. ज्याचं एलडीएल १५८ आहे त्याच्यासाठी तीन चमचे जास्त, एवढंच म्हणतो.

पंचवटीची_माई
पाणी वाहिलं हे खरं. गोदावरीवरून. पण तुपाचं काही पटलं नाही मला.

मेरीतला_अभियंता
माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी मलाही फरसाण बंद सांगितलं होतं. बायकोनं त्याऐवजी सकाळी खारी आणि टोस्ट सुरू केले, की तळलेलं नको, भट्टीतलं चालतं. सहा महिन्यांनी एलडीएल हललं नाही, उलट ट्रायग्लिसराइड वाढले. मग कुणीतरी सांगितलं की खारीचे ते पापुद्रे डालड्यासारख्या घट्ट मेदाशिवाय सुटतच नाहीत.

जुनी_लॅब
अगदी. आता ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, १ जानेवारी २०२२ पासून, म्हणून बेकरीवाले पामचं घट्ट मेद वापरतात. ट्रान्स गेलं, संपृक्त राहिलं. बिस्किटाचं तेच.

यातली खोच अशी की संपृक्त मेद काढलं, तर त्या जागी काय ठेवलं यावर सगळं अवलंबून. त्या जागी दाणे, तीळ, जवस, साधं तेल, म्हणजे असंपृक्त मेद आलं तर एलडीएल उतरतं. मैदा-साखर आली तर खास फायदा नाही, आणि तुमच्यासारखे ट्रायग्लिसराइड चढतात. म्हणून वर भाजके शेंगदाणे लिहिले, फुटाणे-दाणे एकत्रही चालतील. मुरमुऱ्याचा चिवडा घरी दोन चमचे तेलाच्या फोडणीत केला तरी उत्तम, नाशिकच्या माणसाला चिवडा सोडा म्हणायची माझी छाती नाही.

इंदिरानगरची_सून
काका, हे वाचून सासूबाई एकदम तुमच्या बाजूला गेल्या, शेंगदाणा राहिला म्हणून. एक शंका. मग दोन तेलं ठेवू का? फोडणीला सूर्यफूल, तळणाला शेंगदाणा? आणि तळून उरलेलं तेल मी आजवर डब्यात परत ओतत आलेय.

जुनी_लॅब
दोन तेलं ठेवायची कल्पना चांगली आहे, आणि नकळत वाटणीही बरोबर केलीत. सूर्यफुलात आणि करडईत बहु-असंपृक्त मेद फार, करडईत तर तीन चतुर्थांशाच्या आसपास. हे मेद एलडीएलसाठी चांगलं, पण तापवलं की लवकर बिघडतं, हवेशी पटकन जोडलं जातं. गॅसमागच्या फरशीवर जो चिकट, पिवळसर थर बसतो आणि साबणानं निघत नाही, तो हाच प्रकार. जवसाचं तेल रंगात का घालतात, तर ते वाळून पापुद्रा धरतं म्हणून. करडई, सूर्यफूल त्याचेच भाऊबंद. शेंगदाण्यात एक-असंपृक्त मेद जास्त, ते तळणात टिकतं.

उरलेलं तेल डब्यात परत ओतणं मात्र आजपासून बंद. चार चमचे जळकं तेल चार लिटर ताज्या तेलाला लवकर खराब करतं. त्यापेक्षा छोटी खोल कढई घ्या, तेल पाव लिटरच घाला, चार-चार पुऱ्या तळा. उरलेलं गाळून वेगळ्या बाटलीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. परत तळायला नको.

बिघडलेलं ओळखायचं असं. पुरी सोडली की येणारा फेस पुरी काढल्यावरही बसत नाही. कढईच्या काठाला बोट चिकटतं. पूर्वी ज्या आचेवर धूर येत नव्हता त्या आचेवर येतो. रंग एकटा बघू नका, हळद-मसाल्यानंही तेल काळवंडतं. हॉटेलांसाठी नियम आहे, तेलातली बिघडलेली द्रव्यं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही. त्यासाठी यंत्र मिळतं, घरी बोट आणि नाक.

तर्रीबाज
म्हणजे मिसळीवाल्याच्या कढईच्या काठाला बोट लावून बघायचं का? मार खाईन.

वेंगुर्ल्याची_आते
आमच्याकडे सगळं खोबरेलात. माशाचं कालवण शेंगदाणा तेलात करून दाखवा कुणीतरी. नवऱ्याची बदली नाशिकला झाली तरी तेल गावाहूनच येतं. इथे कुणी खोबरेलावर वाईट बोललं तर वाचणार नाही.

जुनी_लॅब
मग हे वाचू नका आते. खोबरेलानं एलडीएल शेंगदाणा किंवा सूर्यफुलापेक्षा वाढतं. चांगलं समजलं जाणारं एचडीएलही थोडं वाढतं, त्यावरून वाद घालणारे घालतात. कालवण खोबरेलात करा, सकाळची भाजी दुसऱ्या तेलात. नारळाच्या रसाचं मेद आधीच कालवणात आहे, हेही मोजा.

घाणा_सिन्नर
काका, दाण्याचं म्हणालात ते मान्य, आम्ही निवडून घेतो. पण करडईचं घाण्याचं तेल काढू का मग? गिऱ्हाईक विचारतंय.

जुनी_लॅब
काढा, पण छोट्या बाटलीत, गडद काचेच्या, आणि महिन्याभरात संपेल एवढंच. पारदर्शक बाटलीत उन्हाच्या दुकानात ठेवलंत तर गिऱ्हाईक खवट वासानं परत आणेल. आणि तळू नका, हे लिहून द्या.

इंदिरानगरची_सून (अकरा आठवड्यांनी)
मंडळी, पुढची हकिगत.

डबा ५ वरून ३ लिटर ७०० वर आला. साडेतीन काही जमलं नाही, मध्ये पाहुणे होते. सगळ्यात जास्त उपयोग एका फालतू गोष्टीचा झाला. तोटीच्या किटलीनं तेल ओतायचे ती काढून टाकली, वाटीत दिवसाचं तेल काढून चमच्यानं घालते. किटलीनं हात किती सुटायचा ते तेव्हा कळलं. कांदा परतताना कोरडा पडला की तेलाऐवजी पाण्याचा हबका.

तूप एक चमचा, दुपारीच. उरलेली साय मुलाच्या ताटात आणि बाकीचं तूप नणंदेकडे. रात्रीच्या पेल्यासाठी गाईचं दूध आणते. शेवेच्या जागी दाणे-फुटाणे, पण सासरे दुपारी चौकात जाऊन काय खातात यावर माझा पहारा नाही.

एलडीएल १५८ चं १२७ झालं. पण पाचव्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी कमी डोसची गोळीही सुरू केली, सासऱ्यांची मानेतली रक्तवाहिनी तपासल्यावर.

मेरीतला_अभियंता
मग उतरलं ते गोळीनं की दाण्यांनी?

जुनी_लॅब
ते आता वेगळं करता येणार नाही. मधे, गोळी सुरू व्हायच्या आधी एकदा रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. मलाच सुचवायला हवं होतं. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, नुसतं कुतूहल म्हणून तर नाहीच.

इंदिरानगरची_सून
बंद नाही करणार. सासऱ्यांचं मत विचारलं तर म्हणाले, गोळीनंच उतरलं असणार, तेव्हा शेव परत आण. सासूबाई म्हणाल्या, दाण्यांनीच. शेवेचा डबा सध्या माळ्यावर आहे.

पंचवटीची_माई
तुपानं उतरलं असेल.